मागच्या दाराचं कुलूप

शरिफाबाई तांबोळी आजही कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी तिचं दुसरं दार ढकलून पाहतात.

कोल्हारजवळच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. तिथली प्रयोगशाळा त्यांनी संस्थेशी भांडून हवी तशी बांधून घेतली: ओट्यांमध्ये ऐसपैस वाट, धूर ओढणारे पंखे, अ‍ॅसिडच्या बाटल्या सगळ्यांत खालच्या फळीवर आणि मागं बाहेर उघडणारं दुसरं दार. "धूर झाला की पुढं गर्दी करायची नाही, मागचं दार गाठायचं," हे त्या पोरांकडून घोकून घ्यायच्या.

मार्चात बोर्डाची परीक्षा आली. मागच्या दारानं कॉप्या येतात म्हणून मुख्याध्यापकांनी कुलूप ठोकलं. "परीक्षेपुरतंच, बाई," ते म्हणाले. परीक्षा संपली, कुलूप तसंच राहिलं. बाईंच्याही ध्यानातून गेलं.

जुलैत प्रयोग चालू असताना स्पिरिटची बाटली पेटत्या दिव्यावर कलंडली. भडका उडाला, खोली धुरानं भरली. शिकवलेलं सगळं विसरून पोरं पुढच्या दाराकडं पळाली आणि वाचली.

ज्ञानेश्वरी तेवढी कुलपापाशी सापडली. बाईंचा शब्द कधी खाली पडू न देणारी वर्गात तीच एक होती.