दोन के-मॅप आणि एकच घर

डिप्लोमाला फर्स्ट क्लास होता, म्हणजे अक्कल सोडून सगळं होतं. पावण्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पंपांची कंट्रोल कार्डं बनायची, तिथे मी तीन महिन्यांच्या ट्रायलवर. शेवटचा आठवडा, आणि माझं पहिलंच कार्ड डब्यात मावेना.

पत्र्याचे डबे आधीच बनून आले होते. त्यात अँड गेटची, म्हणजे सगळ्या अटी जुळल्या तरच होकार देणाऱ्या गेटची, एकच चिप बसणार होती, आणि तिच्यात गेटं तीन. मला हवी होती चार. मालकांनी शांतपणे सांगितलं, संध्याकाळपर्यंत जमव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

तीन सेन्सर, दोन आउटपुट, पंप आणि भोंगा. दोघांचे के-मॅप, म्हणजे आउटपुट कधी चालू ते 'एक' लिहून दाखवणारे घरांचे तक्ते, मी वेगवेगळे सोडवले होते, शेजारच्या एकांचे जास्तीत जास्त मोठे गट करून. पंप कधी? पहिला-दुसरा चालू, किंवा दुसरा-तिसरा चालू. भोंगा कधी? पहिले दोन्ही बंद, किंवा पहिला बंद आणि तिसरा चालू. चार गट, चार अँड गेटं. एकही गट चुकीचा नाही, त्यामुळे माझा माज कायम.

आमच्याकडे फिल्मवर काळी टेप चिकटवून कार्डावरच्या तांब्याच्या ट्रॅकचा नकाशा काढणारी एक ताई होती, खाडीकाठच्या गावची. कार्डाच्या दोन बाजूंच्या फिल्म एकमेकींवर ठेवून ट्यूबलाइटच्या टेबलावर तपासायची तिची सवय. माझे ट्रेसिंग पेपरवरचे दोन्ही मॅपही तिने तसेच एकावर एक ठेवले.

"हा एकच 'एक' दोगांतबी हाय," ती म्हणाली. "याला एकटाच घे ना. दोगांनी वापरायचा."

पहिला बंद, दुसरा-तिसरा चालू, ते घर. मी फणकारलो, मोठा गट सोडून एकट्या घराला वेढा घातला तर परीक्षेत मार्क जातात. तिने विचारलं, इथं परीक्षा कोन घेतो?

मी पेन्सिल घेऊन तपासलं. पंपाच्या गटातून तुटलेलं घर 'पहिला-दुसरा चालू'मध्ये होतंच. भोंग्याचं तुटलेलं 'पहिले दोन्ही बंद'मध्ये होतं. दोन्ही मॅपमधला एकेक गट मोडला, आणि अँड गेटं झाली तीन. अँडची उत्तरं जोडणारी ऑर गेटं दोनच, तशीच राहिली. कार्ड डब्यात बसलं. मला इतका आनंद झाला की मी तिचे आभार मानायला विसरलो.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, हे कुणाला सुचलं. 'मला' अगदी ओठांवर आलं होतं. ताई ब्लेड हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"ताईंना," मी म्हणालो.

मालक खदखदून हसले. पोरगा हुशार आहे आणि वर नम्रही, म्हणाले, आणि मला जागच्या जागी कायम केलं. मी पुन्हा खरं सांगितलं असतं तर चाललं असतं. नाही सांगितलं. मग ते तिच्याकडे वळले.

"बाई, पोराच्या नावाने चहा टाका."

तिने टाकला. मी प्यायलोही.