सागवानी दार आणि वाढवलेला वेग

गोंदियातल्या माझ्या कारखान्यात लाकडावर नक्षी कोरणारं संगणकी मशीन आहे. त्याची स्टेपर मोटर एका टप्प्यात १.८ अंश फिरते, दोनशे टप्प्यांत एक फेरा. मायक्रोस्टेपिंगनं मी एका टप्प्याचे सोळा भाग केले. नक्षी गुळगुळीत येऊ लागली, तसा मोटरचा जोरही वाढला असेल असं धरून मी वेग दुप्पट केला. कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी देवरीच्या गिऱ्हाइकाच्या सागवानी दारावर अर्धी नक्षी बोटभर बाजूला कोरली गेली. मशीनवर फळी घट्ट बांधणारे सुतारकाका माझ्याकडे बारा वर्षं होते.

"काका, फळी ढिली बांधली तुम्ही," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"घट्टच आहे, भाऊ. हलवून पाहा ना. मशीनच सरकून राहिली."

"मशीन कायले सरकन? वय झालं तुमचं."

काकांनी पिशवी उचलली आणि ते काम सोडून गेले.

मग मी टाकाऊ फळीवर तेच काम लावलं. कमी वेगात कोरणारं टोक सुरुवातीच्या खुणेवर परत आलं, जास्त वेगात बोटभर चुकलं. वेग वाढला की मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीत वीजप्रवाह पुरता चढायला वेळ मिळत नाही, जोर घटतो, टप्पे निसटतात. मशीनला ते कळत नाही, ते आपलं मोजत राहतं.

दवनीवाड्याला काकांच्या घरी जाऊन मी त्यांना सारं सांगितलं.

"भाऊ, चार लोकांत बोलले होते तुम्ही. चार लोकांत सांगाल?"

हो म्हणालो. वेग तेवढा कमी केला. कारखान्यात अजून कोणाला सांगितलेलं नाही.