एकाच घराचे दोन पत्ते

सुनिता पावरा आमच्या समोरच्या घरात भाड्याने राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात सगळ्यात मोठी वस्तू होती मक्याच्या पिठाचा डबा. नवरा दिनेश सेंट्रिंगच्या कामाला जायचा. ती मुलांच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटायची. मनगटापासून कोपरापर्यंत तव्याच्या कडेचे चटके. कुणी विचारलं तर म्हणायची, "बांगड्या आहेत ताई, फुकटच्या."

तिचं माहेर आणि सासर दोन्ही धडगावच्या वरच्या पाड्यांवर. सहा वर्षांची असताना तिला आश्रमशाळेत सोडलं होतं. दहावीपर्यंत ती तिथेच राहिली. आई बाजाराच्या दिवशी जीपने यायची, फाटकाशी बसायची आणि शेवटची जीप लागली की उठायची. हे तिने मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता, आणि पुढे एवढंच म्हणाली, "माझी जिगी माझ्याजवळ झोपेल." जिगी म्हणजे तिची मुलगी, पुढच्या जूनला पहिलीत जाणारी. खोली भाड्याने घेण्याचं खरं कारण तेच होतं. तालुक्याच्या गावात राहायचं, मुलीने जवळच्या शाळेत जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं.

आमच्या वसाहतीच्या मागे नाला आहे. नाल्यापलीकडे इंग्रजी शाळा. शाळेची फी सुनिताच्या आवाक्यातली नव्हती, पण पंचवीस टक्के राखीव जागांमध्ये नंबर लागला तर फी भरावी लागत नाही. आदिवासी म्हणून जिगी त्यात बसत होती, उत्पन्नाचा दाखलाही लागणार नव्हता. प्रश्न होता तो अंतराचा. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांचा विचार आधी, त्यानंतर तीनपर्यंतच्यांचा. जागा थोड्या, त्यामुळे एकच्या बाहेर गेलं की आशा सोडायची.

तो अर्ज मी माझ्या फोनवर भरून दिला. माझी मुलगी पुढच्या वर्षी त्या वयाची होणार, म्हणून मी सूचना आधीच वाचून ठेवल्या होत्या. अर्जात नकाशा उघडतो. त्यावर लाल फुगा असतो, तो आपल्या घरावर आणून ठेवायचा. मग अंतर नकाशाच मोजतो, सरळ रेषेत. रस्त्याने आमची गल्ली शाळेपासून लांब पडते, पुलावरून वळसा आहे. पण सरळ रेषेला पूल लागत नाही. मी फुगा समोरच्या घराच्या पत्र्यांवर ठेवला आणि शाळा एक किलोमीटरच्या आतल्या यादीत आली.

"बघू," म्हणत सुनिताने फोन हातात घेतला. "हे आमचं छप्पर? वरून किती लहान दिसतं."

त्याच संध्याकाळी घरमालकीण सिंधुबाईही आल्या, नातवाला घेऊन. त्यांच्या मुलाची, भिलाभाऊंची, धानोऱ्याकडे बागायती जमीन. जात इतर मागास वर्गातली, त्यामुळे उत्पन्नाची अट त्यांनाही नाही. "मन्हा भाग्येशना बी भरी दे, रूपाली," त्या म्हणाल्या. मी तोच फुगा त्याच पत्र्यांवर ठेवला. पुढचा भाग त्यांचा, मागची खोली सुनिताची. मध्ये एक भिंत.

सोडत निघाली. जिगीचा नंबर निवड यादीत लागला आणि भाग्येशचा प्रतीक्षा यादीत, पहिला.

दिनेशने त्या दिवशी कामावरून येताना जिलेबी आणली. सुनिताने पहिला पुडा सिंधुबाईंना दिला. त्यांनी तो घेतला, उंबऱ्यावरच ठेवला आणि विचारलं, "तुम्हनं नाव तं धडगावना रेशनकार्डमा शे ना?"

"हो आजी. तिकडे सासू असते."

"मंग आठे नंबर कसा लागना?"

"भाडेकरार दिला ना. तुमचीच सही आहे."

"मन्ही सही खोलीनी व्हती," सिंधुबाई म्हणाल्या. "शाळानी नव्हती."

रेशनकार्ड आणि आधार दोन्ही तिकडचे, म्हणून सुनिताने नोंदणी केलेला भाडेकरार जोडला होता. अर्जाच्या आधीचा आणि मुदत पुरेशी असलेला करार चालतो. पंचायत समितीत पडताळणी समितीने कागद पाहून बरोबर असल्याचं सांगितलं होतं. आता शाळेत जाऊन प्रवेश पक्का करायचा, एवढंच उरलं होतं. पण शाळेने तिला परत पाठवलं. तक्रार आली आहे, ती निकाली निघेपर्यंत थांबा.

तक्रार निनावी होती. कुटुंब धडगाव तालुक्यात राहतं, शाळेसाठी खोटा करार केला आहे, असं त्यात लिहिलं होतं. भाडेकरारावरच्या पत्त्याची जागेवर जाऊन पाहणी करता येते. पालक तिथे राहत नसतील तर प्रवेश रद्द होतो, आणि गुन्हाही नोंदवता येतो. सुनिताला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "येऊ दे ना पाहायला. चूल आहे, गोधडी आहे, मुलगी आहे. अजून काय पाहिजे?"

पाहणी कोणत्या दिवशी, हे कुणी सांगत नाही.

मग होळी आली. सातपुड्यातली होळी म्हणजे आमच्यासारखी एका संध्याकाळची नाही. दिनेशने जिगीच्या जन्माच्या वेळी नवस बोलला होता. त्या वर्षी तो बुध्या, म्हणजे होळीत नवसाने नाचणारा, होणार होता. अंगभर राख आणि ठिपके, डोक्याला मोरपिसं, कमरेला भोपळे आणि घुंगरू. त्यासाठी काही दिवस पाळणी असते, खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ करायची नाही, आणि हे सगळं आपल्याच पाड्यावर. घरातल्यांनीही जायचं. "थांब ना जरा," मी सुनिताला म्हटलं. ती हसली. "देवाला सांगू, साहेब येऊन गेले की मग नाचतो?"

कुलूप लावून ते जीपमध्ये बसले. किल्ली सिंधुबाईंकडे दिली.

दुसऱ्याच दिवशी शिक्षण विभागाचे केंद्रप्रमुख करणसिंग सर पाहणीला आले, सोबत एक शिक्षक. मी तेव्हा शिकवणी घ्यायला गेले होते. काय झालं ते त्याच शिक्षकाने नंतर मला सांगितलं. सरांनी दाराचं कुलूप पाहिलं आणि सिंधुबाईंना विचारलं, "इथे कोण राहतं?"

"डोंगरना लोक शेतस. येतस, जातस."

"आता कुठे आहेत?"

"तेस्ना घर. धडगावकडे."

"कायम इथे राहतात का?"

"आते मी काय सांगू सायेब. कुलूप तुम्हीच देखी ऱ्हायनात."

किल्ली त्यांच्या कमरेलाच होती. सरांनी ती मागितली नाही, त्यांनी दिली नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं की पाहणीवेळी खोली बंद होती, घरमालकांच्या सांगण्यानुसार कुटुंब मूळ गावी राहतं. पंच म्हणून सही भिलाभाऊंनी केली आणि त्यांच्या ट्रॅक्टरवरच्या माणसाने.

सुनिता परत आली ती कपाळावर राखेचा ओरखडा घेऊनच. प्रवेश अडकल्याचा शाळेचा निरोप ऐकून तशीच पंचायत समितीत गेली. दिनेश आणि मी तिच्याबरोबर गेलो.

करणसिंग सर वाईट माणूस वाटले नाहीत. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. "बाई, पंचनाम्याच्या पुढे मी जाऊ शकत नाही."

"सर, होळीला गेलो होतो. सगळेच जातात."

"मान्य. पण घरमालक काय म्हणाले, तेही मी लिहिलंय."

"मी समोर राहते," मी म्हटलं. "रोज बघते. अर्जातला फुगा मीच ठेवला आहे. अंतर मोजून बघा."

"अंतर चुकलेलं नाहीच मॅडम. घर आतच आहे. प्रश्न हा आहे की ह्या त्या घरात आहेत का." त्यांनी चष्मा पुसला. "घरमालकाचं लेखी आणा, सलग राहतात म्हणून. गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवतो. मुदत संपायच्या आत. आणि बाई, करार खोटा ठरला तर काय होतं, ते माहीत आहे ना?"

दिनेश दाराशी उभा होता. रोख गुन्ह्याकडे आहे, हे त्याला कळलं आणि तो आमच्या आधीच बाहेर निघून गेला.

घरी आल्यावर सुनिता सिंधुबाईंच्या ओसरीत खाली बसली. "आजी, दोन ओळी लिहून द्या. राहतो ना आम्ही इथे."

सिंधुबाई शेंगा फोडत होत्या. "मी खोटं बोलनू का? कुलूप व्हतं का नव्हतं?"

"होतं."

"मंग?"

"तुम्ही रोज माझ्या हातची भाकर मागता आजी. कुठून येते ती? धडगावहून?"

"आते भाकरना विषय काढा का तू," सिंधुबाई म्हणाल्या, आणि सुपातली टरफलं अंगणात उडवली. "पोऱ्या मन्हा शे. तुन्ही पोर जाई तिकडनी शाळामा. सरकार खावाले बी देस तठे. आम्हले कोन देस?"

मुदत संपली. जिगीचा प्रवेश रद्द झाल्याचं संकेतस्थळावर दिसलं, आणि प्रतीक्षा यादीतून भाग्येशचं नाव वर आलं.

तक्रार झालेला पत्ता म्हणून करणसिंग सरांना पुन्हा यावं लागलं, या वेळी भाग्येशसाठी. मी माझ्या दारात उभी होते. सर पुढच्या ओसरीत उभे राहिले, फोनवर ठिकाण पाहिलं, वीजबिलावरचं भिलाभाऊंचं नाव पाहिलं. "एक किलोमीटरच्या आत. बरोबर आहे," ते म्हणाले.

भाग्येशची आई बाजारात गेली होती. सिंधुबाईंनी मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "सुनिता, पानी आन वं सायेबले."

मला वाटलं ती येणार नाही. ती आली. तांब्या आणि पेला घेऊन, पदर खोचलेला, हातांना पीठ. जिगी तिच्या मागे.

सरांनी पेला घेतला. तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "तुम्ही राहता इथे?"

"राहते," सुनिता म्हणाली.

"कामवाली शे," सिंधुबाई म्हणाल्या.

पाणी पिऊन झालं, तरी पेला सरांच्या हातातच होता. मग तो त्यांनी सुनिताच्या हातात दिला आणि भाग्येशच्या कागदावर सही केली. जिगीसाठी दुसरा कागद त्यांच्याजवळ नव्हता, आणि बहुतेक त्यांना तो नकोच होता.

त्यानंतर पंधरवड्यात सिंधुबाईंनी खोली रिकामी करायला सांगितली. भाग्येशला अभ्यासाला लागणार होती. सुनिताने वसाहतीत तीन-चार ठिकाणी विचारलं, तिच्यासाठी मीही विचारलं. खोली आहे का, असं मी विचारलं की असायची. कुणासाठी, हे सांगितलं की पाहुणे येणार असायचे. शेवटी वसतिगृहाच्या रेक्टरने स्वयंपाकघराच्या बाजूला तिला झोपायची जागा दिली. मुलांचं वसतिगृह, तिथे मुलगी ठेवता येत नव्हती. दिनेश कामाला सुरतेकडे निघून गेला.

जूनमध्ये तिची सासू रमिलाबाई डोंगरातून खाली आली आणि जिगीला आश्रमशाळेत घेऊन गेली. जीप सुटेपर्यंत जिगी मला विचारत होती की आई कधी चढणार. सुनिता खिडकीशी उभी राहून तिची वेणी पुन्हा घालत होती, घातलेली सोडून पुन्हा. चालकाने हॉर्न वाजवला तेव्हा वेणी अर्धीच झाली होती. तिने ती तशीच रमिलाबाईंच्या हातात दिली.

आता ती बाजाराच्या दिवशी सुट्टी मागते. दर वेळी मिळत नाही.