वर्गाकडं तोंड केलेलं टिंब

मी कमी बोलणारा मास्तर. शिकवताना लागतं तेवढं बोलतो, बाकी मान हलवून भागवतो. चूक कबूल करायची वेळ आली तर मानही हलवत नाही, विषयच बदलतो. पन्नाशी आली तरी ही सवय सुटली नव्हती. पाचवीतल्या एका मुलीमुळं ती एकदा तरी सुटली, म्हणून हे लिहितोय.

माझी शाळा वडगावात, मराठी माध्यमाची. मी बेळगुंदीहून गाडीवरून येतो. वर्गातली बरीच मुलं माग चालवणाऱ्या विणकरांच्या घरातली. ही मुलगीही तशीच. आई साडीसाठी सुताच्या कांड्या भरायची, वडील मागावर. मुलगी वर्गात सगळ्यांत बुटकी, आणि उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करणारी. तिला निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसायचं होतं. आई मला शाळेच्या फाटकाशी गाठून म्हणाली होती, "सर, आमाला गणितातलं काय कळत न्हाय. तुमी व्हय म्हणालासा तर बसवू. न्हाय म्हणालासा तर राहू दे." अर्ज भरायला थोडेच दिवस उरले होते. मी म्हटलं, "एक वर्कशीट घेतो, मग सांगतो."

वर्कशीट मापांची होती. लांबी, वजन, द्रव. मीटरचे सेंटीमीटर, किलोचे ग्रॅम, मिलिलिटरचे लिटर. दहा प्रश्न.

संध्याकाळी घराच्या कट्ट्यावर तपासायला बसलो. तिचा कागद हाती आला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत फुल्या. साडेचार किलोचं दप्तर तिनं ०.००४५ ग्रॅम केलेलं. साडेपाच मीटरची साडी ०.०५५ सेंटीमीटर. साडेसातशे मिलिलिटरची पाण्याची बाटली साडेसात लाख लिटर.

बायको शेंगा सोलत शेजारीच बसली होती. तिनं कागदात डोकावलं. "साडेसात लाख लिटर? अवो, आपली विहीर या बाटलीत दोनदा ओतली तरी बाटली भरायची न्हाय."

"साडी बघ," मी म्हणालो.

"ही तर मुंगीलाबी नेसता यायची न्हाय." ती हसली, मग थांबली. "पोरगी खुळी हाय का वो?"

"नाही. तेच तर."

एवढं म्हणूनही मी पुढचा विचार केला नाही. खरं तर कागद ओरडून सांगत होता. दशांशाची घरं मोजण्यात ती कुठंच चुकली नव्हती. जिथं तीन घरं सरकायचं तिथं तीनच, जिथं दोन तिथं दोनच. फक्त टिंब दर वेळी उलट्या दिशेला गेलं होतं. एखादं पोर अंदाजानं लिहितं तेव्हा निम्मं तरी बरोबर येतं. दहाच्या दहा उलटं यायला डोक्यात एक पक्का नियम लागतो. हे मला, इतकी वर्षं कागद तपासणाऱ्याला, कळायला हवं होतं. मी शून्य लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी तिच्या आईला सांगून टाकलं, "या वर्षी नको. दशांश कच्चा आहे."

आई "बरं" म्हणाली. पदर सारखा केला आणि गेली. मुलगी तिच्या मागं उभी होती. मी तिला काही विचारलंच नव्हतं.

मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता बसलेली दिसली, तेव्हा बोलावलं.

"काय गं, पाण्याची बाटली साडेसात लाख लिटरची असते?"

"न्हाय सर."

"मग लिहिलंस कसं?"

"तुमी शिकवलासा तसंच केलं."

मला जरा राग आला. म्हटलं, "दाखव बघू. साडेचार किलोचे ग्रॅम."

ती फळ्याकडं वळलीच नाही. फळ्याला पाठ लावून, माझ्याकडं तोंड करून उभी राहिली, हात छातीशी धरले आणि बाजूला तीन पावलं सरकली. खिडकीच्या दिशेनं. मी बघत होतो तिथून ते बरोबर होतं. टिंब उजवीकडं गेलं होतं.

"आता फळ्यावर लिही."

तिनं ४.५ लिहिलं, क्षणभर स्वतःच्या हातांकडं बघितलं आणि टिंब डावीकडं तीन घरं नेलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

टिंबाचा खेळ माझा. त्याचा मला अभिमान. मुलं अंकांच्या पाट्या धरून फळ्यापुढं रांगेत उभी राहतात, रिकाम्या घरांत शून्यवाली, आणि एक पोर काळ्या पुठ्ठ्याची चकती धरून टिंब होतं. मी शेवटच्या बाकामागून ओरडतो, "मोठ्या मापातून लहान मापात, उजवीकडं!" बाकावरच्या मुलांची उजवी तीच माझी उजवी. पण टिंबाचं तोंड आमच्याकडं. आमची उजवी ही त्याची डावी. पहिल्या दिवशी ती स्वतःच्या उजवीकडं गेली होती आणि सगळा वर्ग ओरडला होता, "अगं खुळे, तिकडं!" त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. टिंबानं कुणीकडं सरकायचं हे तिच्या पावलांनी पाठ केलं होतं. बाकावर बसून तो आकडा तिनं कधी बघितलाच नव्हता, कारण लहानखुरी म्हणून, गप्प उभी राहते म्हणून, टिंब कायम तीच.

दर वर्षी मी असंच एक लहानखुरं पोर निवडत आलो होतो. त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या कागदावर फुल्या मारल्या असतील, ते आता मला सांगता येणार नाही. ते ओझं माझंच.

सुट्टीनंतर मी चकती घेतली आणि स्वतः रांगेत जाऊन उभा राहिलो. मुलीला म्हटलं, "तू बाकावर बस आणि किलोचे ग्रॅम करायला कुणीकडं सरकू ते सांग."

"सर, उजवीकडं."

मी माझ्या उजवीकडं गेलो. वर्ग खदखदून हसला. "सर चुकलं, सर चुकलं!" ती मात्र हसली नाही. डोळे बारीक करून बघत राहिली आणि मग बाकावर गुडघे टेकून ओरडली, "सर, तुमची न्हाय, आमची उजवी!" एवढा मोठा तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. मागाच्या खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून आईनं वडिलांना हाक मारून माग थांबवायला लावला. त्या शांततेत मला विषय बदलायची फार इच्छा झाली. चहा आला. तो संपल्यावर म्हणालो, "सकाळी सांगितलं ते माझं चुकलं. तिचं गणित कच्चं नाही. मी शिकवताना तिला उलटं उभं केलं होतं."

आईला ते नीट कळलं नसावं. तिनं मुलीकडं मान वळवली. "साडेपाच मीटर म्हंजे किती सेंटीमीटर गं?"

मुलीचा हात मांडीवर हलला, थांबला, मग दुसरीकडं गेला. "साडेपाचशे."

"बरोबर हाय का सर?"

मी सवयीनं मान हलवली. आई तशीच बघत राहिली. तिला शब्द हवा होता, आणि तिचं बरोबर होतं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "परीक्षेला बसवा. अर्ज मी उद्या भरून घेतो."

"मग बसवतो," आई म्हणाली. "पण सर, आता तिला परत ते टिंब करू नकासा."

"आये, गप गं!" मुलगी उसळून म्हणाली. "टिंब मीच व्हणार. आता मला दोनी बाजू कळत्यात."