ताईची तिन्हीसांजेची घाई

एका घरात साठ वर्षं काढूनही शिवणकाम करणारी थोरली बहीण आपल्याला फारशी कळली नाही, असं धाकट्या भावाला वाटे. तिचं विस्मरण वाढलं, तशी ऊन उतरलं की ती दाराची कडी ओढू लागली. "सोड मला, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"ताई, दुकान केव्हाच बंद झालं," असं त्याने समजावलं की ती आणखी चवताळे. एकदा तर झटापटीत पडता पडता वाचली.

दुसऱ्या दिवशी तिला तिन्हीसांज जाणवू नये म्हणून त्याने अंधारण्याआधीच दिवे लावले, पडदे ओढले, रेडिओ बंद केला. तरी ती दाराशी गेलीच. या वेळी तो वाट न अडवता बाजूला उभा राहिला. हळू आवाजात त्याने विचारलं, "कुणाचे कपडे द्यायचेत, ताई?"

"मास्तरीणबाईंचे. रागावतील त्या."

"तुला काळजी लागलीय ना? चल, आपण घड्या घालू."

कडी सुटली. धुतलेल्या कपड्यांपाशी दोघं बसली. पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात गेली, ती परतली नाही. त्या संध्याकाळचं एवढंच साधं बोलणं त्याच्यापाशी राहिलं.

"बाही आत घे, वेंधळ्या."

"घेतो, ताई."