ज्यांनी वेचायचं, त्यांना वाचता यावं

हिवरखेडच्या स्टँडजवळ अनीसाचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं. पण गावातली एकही लग्नपत्रिका तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला जात नाही. वडील नासिरभाई शिवणकाम करायचे. चौथीपर्यंत ती उर्दू शाळेत शिकली आणि पाचवीला मराठी शाळेत आली. आल्याआल्या गुरुजींनी तिला फळ्यावर 'आणि' लिहायला लावलं. तिनं दीर्घ लिहिलं आणि सगळा वर्ग हसला. ही गोष्ट मला तिनंच सांगितली. शेवटी म्हणाली, "काकाजी, त्या दिवसापासून ऱ्हस्व-दीर्घाशी माही दुश्मनी हाय." मला विचाराल तर दुश्मनी नाही, निकाहच झाला म्हणा.

मी खुशालराव. दहा एकर कपाशी, डोक्यात राग, आणि गावच्या कापूसवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. आदल्या साली गुलाबी बोंडअळीनं आमची अशी वाट लावली होती की दिवाळीनंतर लोकांनी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. म्हणून २०१८च्या श्रावणात मी पणच केला, औंदा अळीला पहिल्या फुलातच धरायचं. अळी शिरलेलं फूल उमलत नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून घट्ट मिटलेल्या राहतात. त्यालाच डोमकळी म्हणतात. ती तोडून जाळायची. पण एकट्यानं जाळून भागत नाही, कारण शेजारच्या वावरातला अळीचा पतंग रात्री आपल्या वावरात येतो. सगळ्या गावानं एकाच दिवशी वेचलं तरच उपेग.

मी ग्रुपवर पोस्ट टाकली, इंग्रजी अक्षरांत. सगळी पोरं तशीच लिहितात आणि माझ्या बोटालाही तेच सोपं. "Ravivari sakali 7 la sarvani domkali nirmulan mohimet sahbhagi vhave." त्रेसष्ट अंगठे आले. मी खूष.

रविवारी सात माणसं आली, त्यातली तीन माझ्या घरची.

सोमवारी तणतणत अनीसाच्या दुकानात गेलो. "गावाले अक्कल नाई! अंगठा दाखवतेत आन् घरी झोपतेत."

तिनं कीबोर्डवरून हात काढला. "अंगठे कोनाचे होते, काकाजी?"

"शेतकऱ्यायचे!"

"मान्सायचे. अन् वावरात निंदाले कोन जाते? डोमकळी पयले कोनाले दिसते?"

तण निंदणाऱ्या बायका ग्रुपात नव्हत्या. एका बाईलाही घेण्याचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात पार्बताबाई आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आली. वीस-पंचवीस बायकांची निंदणीची टोळी हीच चालवते, शिवाय स्वतःचं तुकडाभर वावरही कसते. तिच्याजवळ पोराचा जुना मोबाईल होता. अनीसानं माझ्याच फोनवरून त्यावर माझी पोस्ट पाठवली आणि म्हणाली, "मावशी, वाचजा बरं."

पार्बताबाईनं फोन लांब धरला, जवळ धरला. "हे इंग्लिस हाय. मी सातवी शिकली, पन हे नाई येत मले."

मग अनीसानं तेच देवनागरीत टाईप करून पाठवलं. पार्बताबाईनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि 'निर्मूलन मोहिमेत'वर अडकली. अनीसानं माझ्याकडे पाहिलं. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या बापाचं नाव चुकलं की ती अशी पाहते.

माझं टाळकं सटकलं. "ग्रुपचा ॲडमिन मी हावो! अन् देवनागरी लिवाले टाइम कोनाले हाय? जुन्या फोनवर नुसते चौकोन दिसतेत."

"चौकोन दिसते तिथं फोटू पाठवू. बाकीच्यायले अक्षरं, म्हंजे पुढं धाडता येतीन," ती शांतपणे म्हणाली. "वेळ तुमाले नसंन, मले हाय. पन सहभागी-बिहभागी माह्या पोस्टीत येनार नाई."

'माह्या पोस्टीत' म्हणाली! पण सात माणसांचा रविवार आठवला आणि मी बाकड्यावर टेकलो.

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते कोणत्या पंडिताकडेही पाहिलं नव्हतं. 'निर्मूलन'च्या जागी तिनं 'तोडा आणि जाळा' लिहिलं. एक वाक्य, एक काम. मी सांगत गेलो आणि ती मला अडवत गेली. 'फूल'मधला फू दीर्घ, पण 'फुलं'मधला ऱ्हस्व. 'कीड' दीर्घ, पण 'किडीला' ऱ्हस्व. 'धुऱ्यावर', म्हणजे वावराच्या बांधावर, हे लिहिताना कॉम्प्युटरवर ते 'धुर्यावर' असं उमटलं. तिनं ते पुसलं, खालच्या टिंबाचा वेगळा ऱ शोधला आणि त्याला य जोडला.

"कोनाले कळनार हाय?" मी चिडून म्हणालो.

"मले कळते." आणि स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "काकाजी, तुमची चूक झाली तं लोक म्हनतीन घाई झाली. माही झाली तं म्हनतीन, हिले मराठी कुठं येते?"

लाज वाटली, हे खरं सांगतो.

शेवटी पोस्ट अशी झाली:

"शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपापल्या वावरात जा. कपाशीचं जे फूल उमललं नाही, मिटून गुलाबाच्या कळीसारखं दिसतं, ती डोमकळी. ती तोडा. पिशवीत भरा. धुऱ्यावर जाळा. एकही खाली टाकू नका. सगळ्यांनी एकाच दिवशी केलं तरच किडीला आळा बसेल."

पोस्ट आधी पार्बताबाईच्या फोनवर गेली. तिनं ती मोठ्यानं वाचली, एकदाही न अडखळता. मगच अनीसानं ती ग्रुपवर टाकायला मला दिली. पार्बताबाईनं तिथूनच बचत गटाच्या बायकांना पाठवली. त्यांनी माहेरी पाठवली. फोटो छापून घेऊन कुणीतरी चक्कीच्या दारावरही चिकटवला. बुधवारी तेल्हाऱ्याहून माझ्या साळ्याचा फोन आला, "भाऊजी, हे कोनं लिवलं? एकदम साफ हाय." मी म्हणालो, "आमच्या गावच्या अनीसानं." छाती फुगली होती माझी, लपवत कशाला?

रविवारी सात वाजता मी धुऱ्यावर उभा होतो. नाल्याकडून बायका आल्या, पांदणीच्या वाटेनं आल्या, काहीजणी नवऱ्याला पुढं घालून आल्या. पार्बताबाई मधल्या बांधावर चढली आणि नव्यानं आलेल्यांना फोनवरून पोस्ट वाचून दाखवली. एकेका वाक्याला बायका माना डोलवत होत्या. नऊ वाजता वावरावावरांतून धूर निघाला. मोजायला गेलो नाही, पण नजर पोचेल तिथवर धूर होता.

पुढचे दोन रविवारही तसेच गेले. पार्बताबाईला मी स्वतः ग्रुपात घेतलं. काही जणांनी नाकं मुरडली. मी लिहिलं, "ज्याला नको असेल त्यानं बाहेर पडावं." हेही देवनागरीत, आणि अनीसाला दाखवून.

भादव्यात एका सकाळी मी दुकानात पेपर चाळत होतो. पार्बताबाई आली आणि फोन अनीसापुढं धरला. कुणाकडून लिहून न घेता स्वतःच्या बोटानं तिनं काहीतरी टाईप केलं होतं.

"धाडाच्या आंधी तपासून दे, माय," ती म्हणाली. "लोकं वाचतीन."

अनीसानं वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवलं, पार्बताबाईनं स्वतःच दुरुस्त केलं. अनीसाचे डोळे भरून आले होते. ते पुसायलाही ती विसरली.

माझ्या खिशात फोन वाजला. काढून पाहिला.

"मी पार्बताबाई. माझ्या वावरात आज एकही डोमकळी सापडली नाही. तुम्ही आपापलं वावर पाहून सांगा."

अंगठा द्यायला बोट उचललं होतं, पण दिला नाही. फोन खिशात टाकला आणि आधी वावरात गेलो.