दुसऱ्या घराचा अंदाज

विमा कंपनीत मी उभा जन्म काढला, आणि माझं काम एकाच वाक्यात सांगता येईल: लोकांना त्यांचं घर कसं जळेल हे समजावून सांगायचं आणि सही घ्यायची. हे काम मला चांगलं जमायचं. निजामाच्या हद्दीतल्या अणदूर गावातल्या एका घरानं मात्र माझी पार दैना केली.

कंपनीची कचेरी सोलापुरात, म्हणजे इंग्रजी मुलखात. तिथून अणदूर काही लांब नाही, पण नाका ओलांडला की नाणं वेगळं, कागदावरची भाषा वेगळी आणि साहेब वेगळे. ज्यांनी विम्याचा अर्ज पाठवला होता ते किराणा-भुसाराचे व्यापारी. गळ्यात लिंग, घरात कानडी, दुकानात मराठी. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, म्हणून मीही अप्पाच म्हणू लागलो.

त्यांचं घर बाहेरून अगदी साधं होतं. मातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडावर माती थापलेलं सपाट छप्पर. आत पाऊल टाकलं आणि मी मान वर करून उभाच राहिलो. सोळा सागवानी खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर तुळई पेलणारे, पोपट आणि वेली कोरलेले हस्त, आणि मधल्या चौकोनात लाकडाचंच उमललेलं कमळ. एकही खिळा नाही, सगळं खाचेत खाच बसवलेलं. हैदराबादच्या पुराणवस्तू खात्यानं अप्पांच्या वडिलांशी करार करून हे घर संरक्षित केलं होतं. घर अप्पांचं, राहणार अप्पा, पण खात्याला विचारल्याशिवाय त्यात काही बदलायचं नाही, आणि काही मोडलं तर होतं तसंच करायचं. नाहीतर सरकार ते ताब्यात घेईल, अशी अप्पांना धास्ती होती.

मी वही उघडली आणि सवयीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "अप्पा, समजा हे घर जळालं..."

अप्पांनी माझा दंड धरला आणि मला सरळ रस्त्यावर आणून लिंबाच्या झाडाखाली उभं केलं.

"साहेब, आत असलं बोलायचं न्हाय. वास्तू तथास्तु म्हणती."

"मग विमा कसा उतरवायचा?"

"उतरवा की. आत बघा, भाईर बोला."

आणि तसंच झालं. आत जाऊन मी तुळई बघायचो, बाहेर येऊन ती पेटेल का ते विचारायचो. स्वयंपाकघरातली चूल बघितली, बाहेर आलो. रॉकेलचे कंदील मोजले, बाहेर आलो. दुपारपर्यंत माझ्या वीसेक फेऱ्या झाल्या असतील. समोरच्या ओट्यावर बसलेल्या माणसांना वाटलं, सोलापूरच्या साहेबाचं पोट बिघडलंय. एका सज्जनानं तर मला ताक आणून दिलं.

पुराचाही विमा अप्पांना हवा होता. घरामागं ओढा होता आणि मातीच्या भिंतीला आगीपेक्षा पाण्याची भीती जास्त. खांब दगडी तळखड्यांवर उभे, ते टिकतील, पण पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात उभी राहिली की विरघळते. अर्जात प्रश्न होता, वाहतं पाणी घरापासून किती अंतरावर आहे. अप्पांनी लिहून दिलं, "उन्हाळ्यात न्हायच." आमच्या मॅनेजरनी त्या उत्तराखाली तांबडी रेघ मारली आणि पूर वगळून फक्त आगीचं बघा, असं कळवलं. मला मॅनेजरचा राग आला. खरं तर आजवरच्या अर्जांतलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर ते होतं.

खरा घोळ रकमेचा होता. ते घर विकायला काढलं असतं तर तीन हजारही कुणी दिले नसते, कारण जिथं खुंटीसुद्धा ठोकता येत नाही असं घर घेतंय कोण? तीन हजारांचा विमा उतरवला, तर जळालेल्या खांबाचे जुन्या लाकडाच्या भावानं पैसे मिळणार. त्यात नवा खांब कोरून होत नाही. म्हणून अप्पांना जसंच्या तसं उभं करण्याच्या खर्चाचा विमा हवा होता. तसा विमा मिळतो, पण रक्कम पुरी धरावी लागते. उभं करायला वीस हजार लागत असताना पाचच हजारांचा विमा घेतला, तर हजाराच्या नुकसानीला कंपनी अडीचशे देते. उरलेल्या तीन हिश्शांचे विमाकार तुम्हीच, असा तो हिशेब. मॅनेजर म्हणाले, "तीन हजारांच्या घराला वीस हजारांचा विमा? मालकच काडी लावेल. कारागिराचा तपशीलवार अंदाज आणा आणि त्यावर पुराणवस्तू खात्याचा शेरा आणा."

असं काम येणारा कारागीर पंचक्रोशीत एकच उरला होता. सत्तरीचा सुतार, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याचे हात म्हणजे वाळलेलं आलं, पण खांबावरून बोट फिरवून तो वेलीची पानं न बघता मोजायचा. अंदाज लिहायला आम्ही आत बसलो आणि पुन्हा तीच अडचण. मोजमाप आत घ्यायचं, कागदही आतच फडताळात राहणार, तर कागदावर तरी अभद्र कसं लिहायचं? शेवटी मिस्त्रीनंच तोड काढली.

"अप्पा, आपण असं धरू. तुमाला अस्संच दुसरं घर बांधायचंय."

अप्पांचा चेहरा खुलला. मलाही ही युक्ती फार हुशारीची वाटली, आणि मी माझ्या सुंदर अक्षरात मथळा घातला: 'अणदूर येथे याच नमुन्याचे दुसरे घर बांधण्याचा अंदाज.' खाली सगळं आलं. जुनं, मुरलेलं सागवान. हस्त कोरायचे दिवस. चुना मळायच्या घाणीला जुंपायचा बैल. चुन्यात घालायचा गूळ आणि बेलफळ. माळवदाची पांढरी माती. शेवटची ओळ मिस्त्रीनं सांगितली: 'हाताखाली शिकायला दोन माणसे, दोन वर्षे.'

"ही कशाला?" मी विचारलं.

"मी काय अमरपट्टा घिऊन आलोय व्हय? हात तयार पायजेत."

विमा कंपनी कुणाच्या शिकवणीचे पैसे देत नाही. मी ती ओळ खोडली. खोडताना मला आपण कंपनीशी फार इमानी आहोत असंही वाटलं होतं, हे आता लिहायला लाज वाटते.

अंदाज हैदराबादला गेला. महिन्याभरानं शेऱ्याऐवजी खात्याचे अधिकारीच आले. शेरवानी, टोपी, बरोबर पट्टेवाला आणि मोजणीची साखळी. संरक्षित घराशेजारी नवीन बांधकामाला बंदी आहे, आणि हा व्यापारी त्याची नक्कल उभी करतोय, अशी त्यांची खात्री झाली होती.

"दूसरा मकान कहाँ बन रहा है?" त्यांनी विचारलं.

"न्हाय बनत," अप्पा म्हणाले.

"फिर ये अंदाजा किस चीज़ का?"

आम्ही उभे होतो बरोबर कमळाखाली. अप्पांनी तोंड घट्ट मिटलं. मी म्हणालो, "हुजूर, जरा बाहेर लिंबाखाली येता का?" त्यांना वाटलं मी लाच देणार. ते जागचे हलेनात. पट्टेवाल्यानं तोवर परसात साखळी टाकून पाया खणलाय का ते पाहिलं. एक खड्डा सापडला. तो शेणाचा निघाला. तासाभरानं साहेब तहान लागली म्हणून बाहेर ओट्यावर आले, तेव्हा कुठं मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते इतके हसले की टोपी काढावी लागली. पण सरकारी माणूस तो. नोटीस बजावायला आलो आहे तर बजावूनच जाणार, म्हणाले.

त्या नोटिशीत त्यांनी लिहिलं, की अशा घराची नक्कल करण्यास परवानगी नाही. मूळ घरास इजा झाल्यास तेच लाकूड, तेच सांधे, तोच चुना वापरूनच दुरुस्ती करावी लागेल. स्वस्त सामानास मंजुरी मिळणार नाही. सोबतच्या अंदाजातले दर खात्याच्या माहितीप्रमाणे वाजवी आहेत.

मॅनेजरला हवा होता तो शेरा हाच. अप्पांना न बांधलेलं घर बांधायला मनाई झाली, आणि त्या मनाईच्या जोरावर बांधलेल्या घराचा पुरा विमा उतरला. पेढे सोलापुराहून मी स्वतः नेले.

कंपनीनं एक अट घातली होती, दारात पाण्यानं भरलेल्या आठ बादल्या टांगलेल्या हव्यात. खात्यानं आकडे ठोकू दिले नाहीत. मग दोन्ही कचेऱ्यांत चार पत्रं झाली आणि बादल्या जमिनीवर ओळीनं ठेवायचं ठरलं. गावातली गुरं येता-जाता त्यात तोंड घालायची, आणि अप्पांच्या सूनबाई दिवसातून दोनदा त्या बादल्या भरायच्या, कंपनीला शिव्या देत.

त्या बादल्यांनीच घर वाचवलं. तिसऱ्या उन्हाळ्यात शेजारची कडब्याची गंजी पेटली, आणि उजेडासाठी माळवदाला ठेवलेल्या भोकातून ठिणग्या आत पडल्या. भरदुपार होती, माणसं धावली. ईशान्येचा कोपरा तेवढा गेला. दोन खांब, चार हस्त, वरचं माळवद.

मी पाहणीला गेलो तेव्हा मनातून खुशीत होतो. रक्कम पुरी होती, अटी पाळलेल्या होत्या, कुठंही कपात नव्हती. अप्पा कोपऱ्यात उभे होते. वरून ऊन थेट त्यांच्या डोक्यावर पडत होतं.

"अप्पा, कंपनी सगळा खर्च देईल. मिस्त्रीला बोलवा."

"मिस्त्रीचे डोळे गेले साहेब. औंदा पार गेले. आन् हात कापत्यात."

"मग दुसरा कुणी?"

दुसरा कुणी नाही, हे आम्ही दोघंही त्या अंदाजाच्या दिवसापासून जाणत होतो. जसंच्या तसं करण्याचे पैसे कंपनी काम झाल्यावर देते. काम झालंच नाही, तर जुन्या लाकडाचा भाव. साधा खांब लावायला खातं परवानगी देणार नाही, आणि कोरीव खांब करणारा हात उरला नाही. विमा मी पोपटांचा उतरवला होता, वेलींचा उतरवला होता, गुळाचा आणि बेलफळाचाही उतरवला होता. दोन माणसांची ओळ मीच माझ्या हातानं खोडली होती.

तेवढ्यात आपल्या सुनेचा हात धरून मिस्त्री आला. अर्धवट जळालेल्या हस्तावरून त्यानं बोटं फिरवली, पोपटाची चोच कुठं तुटली ते चाचपलं, आणि विचारलं, "साहेब, ती दोन माणसांची वळ हाय न्हवं कागदात?"

मला खोटं बोलता आलं नाही. "खोडली मिस्त्री. मीच खोडली."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो पुन्हा ती तुटलेली चोच चाचपू लागला.

अप्पांनी मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या साहेब. आता घरात हाईसा, तर चांगलं कायतरी बोला. म्हणा, खांब व्हत्याल. वास्तू तथास्तु म्हणंल."

मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, दोनदा. ते नोकरीच्या भाषेतलं नव्हतं, मनापासून होतं. आणि बोलून झाल्यावर माझं लक्ष वर गेलं. आम्ही चौघंही ज्याला घराच्या आत समजत होतो, त्या कोपऱ्यावर छप्पर नव्हतं.